दसऱ्याच्या सकाळी चुकीचा व्याजदर: एका पतसंस्थेची दुरुस्ती-पोस्ट

संस्थेचं नाव, तालुका आणि काही आकडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि चर्चेतले मुद्दे मात्र जसेच्या तसे आहेत. सहकारी संस्थांना जाहिरात आणि जनसंपर्काबाबत सल्ला देणं हे माझं काम. त्या सकाळी पावणेनऊला मला फोन आला, तिथून पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे. त्याआधीचं संबंधितांनी नंतर सांगितलेलं.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची ही पतसंस्था. सात शाखा, ठेवीदारांत निवृत्त शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले लोक आणि छोटे व्यापारी जास्त. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं. बँकेत पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे नसतो. त्यामुळे ठेवीदार संचालकांची तोंडं बघून पैसे ठेवतो आणि अफवेलाही तितक्याच लवकर घाबरतो.

दसऱ्याला मुहूर्ताची ठेव ठेवायची इथली जुनी रीत. सुट्टी असली तरी शाखा सकाळी दहा ते एक उघड्या असतात. त्यासाठी पंधरा महिन्यांची खास योजना काढायची ठरलं. ज्येष्ठ नागरिकांना दर किती द्यायचा यावर दोन मतं होती, ८.७५ टक्के आणि ९.५ टक्के. निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत, दसऱ्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी होणार होता.

संस्थेचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम एक तरुणी घरून सांभाळते. ती संस्थेची कर्मचारी नाही, महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर काम करते. बैठकीनंतर घाई नको म्हणून तिने दोन्ही दरांची चित्रं करून ठेवली. अध्यक्षांना पोस्ट “पानावर कशी दिसेल” ते बघायचं होतं, म्हणून दोन्ही पोस्ट, ठरल्या वेळी त्या आपोआप टाकणाऱ्या मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवल्या आणि त्यांचे स्क्रीनशॉट पाठवले. एक सकाळी सातला, दुसरी साडेसातला.

बैठकीत ८.७५ मंजूर झाला. तिला निरोप गेला, “पावणेनऊ फायनल.” तिने साडेसातच्या पोस्टमधला मजकूर पुन्हा तपासला, फोन नंबर दुरुस्त केला आणि काम संपवलं. सातची पोस्ट रांगेत तशीच राहिली.

त्या सकाळी

सात वाजता ९.५ टक्क्यांचं चित्र दोन्ही पानांवर गेलं. सात-वीसला एका शाखेच्या लिपिकाने ते डाउनलोड करून आपल्या ठेवीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा” लिहून टाकलं. त्याचं पाहून आणखी तीन शाखांनी टाकलं. साडेसातला ८.७५ वालं चित्रही पानावर गेलं. म्हणजे एकाच पानावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन दर.

सव्वाआठपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका निवृत्त मुख्याध्यापकांनी शाखाधिकाऱ्यांना फोन केला. “साडेनऊचा फॉर्म वेगळा आहे का? मुलाने बँकेतली एफडी मोबाइलवरून मोडली, दहाला येतो.” शाखाधिकारी चक्रावले. त्यांनी मॅनेजरना फोन लावला, मॅनेजरनी अध्यक्षांना, आणि अध्यक्षांनी मला.

शाखा उघडायला सव्वा तास होता.

आधी रांग रिकामी

फोनवर पहिला प्रश्न आला तो “माफी कशी मागायची” हाच. मी आधी त्या तरुणीला फोनवर घेऊन नियोजित पोस्टची सगळी यादी उघडायला लावली. यादीत संध्याकाळी सहाची एक स्टोरी निघाली: “आज शेवटची संधी, ९.५%”. दुसऱ्या दिवशीची आठवणीची पोस्टही त्याच चित्राची. दोन्ही काढल्या. दुरुस्ती टाकून संस्था मोकळी झाली असती आणि संध्याकाळी तोच चुकीचा दर पुन्हा झळकला असता, तर त्या दुरुस्तीवर कुणीही विश्वास ठेवला नसता.

मग चुकीच्या पोस्टचे स्क्रीनशॉट घेतले. वेळ, पाहिलेल्यांची संख्या आणि प्रत्येक कमेंट दिसेल असे. पोस्ट काढली की कमेंटही जातात, आणि ज्यांनी “मला माहिती पाठवा” असं लिहिलं होतं त्यांनाच आधी खरा दर सांगायचा होता. अशी एकोणीस माणसं निघाली. त्यांची यादी दोन शाखाधिकाऱ्यांनी वाटून घेतली.

नेमका प्रश्न

चूक झाली, दुरुस्त करायची, यावर वाद नव्हता. वाद होता तो किती सांगायचं याचा, आणि त्याला तीन बाजू होत्या.

मॅनेजरांची काळजी अफवेची होती. चढा दर दिला की लोक म्हणतात संस्थेला पैशाची निकड आहे. दर जाहीर करून दोन तासांत उतरवला की म्हणतात काहीतरी बिनसलंय. त्यांना कमीत कमी बोलायचं होतं.

अध्यक्षांची काळजी आपल्या शब्दाची होती. वडिलांपासून संस्थेत आहेत. त्यांना सगळं सांगून टाकायचं होतं: बैठक कशी झाली, दोन मतं कशी होती, चूक कुणाकडून झाली.

आणि तिसरी बाजू मुख्याध्यापकांची, जी त्या फोनवर हजर नव्हती. ठेव मोडून बसलेल्या माणसाला बैठकीत काय झालं याच्याशी काय देणंघेणं? त्याला तीन गोष्टी हव्या होत्या. खरा दर कोणता, मी आता काय करू, आणि माझं झालेलं नुकसान कोण बघणार.

विचारात घेतलेले पर्याय

गुपचूप काढून टाकणं. साडेसातची बरोबर पोस्ट पानावर होतीच. चुकीची काढली की पान स्वच्छ. पण चार ग्रुपवर चित्र गेलं होतं आणि ते किती मोबाइलच्या गॅलरीत उतरलं असेल याला मोजमाप नव्हतं. व्हॉट्सॲपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ दोन-अडीच दिवस करता येतं, पण पुढे पाठवलेल्या प्रतींना त्याने काही होत नाही. हा पर्याय लवकर बाद झाला.

९.५ टक्केच द्यायचा. अध्यक्ष क्षणभर त्याकडे झुकले होते. “छापलंय तर देऊन टाकू.” मॅनेजरनी आठवण करून दिली की दराचा ठराव झालेला आहे, तो फोनवर बदलता येत नाही. शिवाय संगणकात योजनेचा दर ८.७५ भरलेला होता, पावती त्याच दराची निघणार होती. मला आणखी एक अडचण दिसत होती. जे सातच्या पोस्टवर आले त्यांना साडेनऊ आणि साडेसातच्या पोस्टवर आले त्यांना पावणेनऊ, असं एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघांना सांगणार कसं?

नुसती ‘सुधारित’ पोस्ट. म्हणजे जुनी काढून नवी टाकायची आणि वर ‘सुधारित दर’ लिहायचं. मॅनेजरांना हे आवडलं होतं. पण ‘सुधारित’ म्हटलं की संस्थेने दर बदलला असा अर्थ निघतो. दर बदलला नव्हता, चुकीचा छापला होता. ज्या अफवेची भीती होती तिलाच या शब्दाने खतपाणी मिळालं असतं.

चूक स्पष्ट सांगणारी छोटी दुरुस्ती. शेवटी इथेच आलो. पण तिच्यात काय घ्यायचं यावरच बराचसा वेळ गेला.

मसुद्यांची ओढाताण

मॅनेजरांचा मसुदा असा होता:

“तांत्रिक कारणामुळे आज सकाळी एक चुकीची पोस्ट प्रसारित झाली. गैरसोयीबद्दल क्षमस्व. योग्य माहितीसाठी शाखेशी संपर्क साधावा.”

यात काय चुकलं होतं ते नाही, खरा दर नाही, आणि ‘तांत्रिक कारण’ खरं नाही. यंत्राने सांगितलेल्या वेळी सांगितलेलं काम चोख केलं होतं. असं लिहिलं असतं तर शाखेतल्या लिपिकांपासून त्या तरुणीपर्यंत सगळ्यांना ते खोटं आहे हे माहीत असतं, आणि तालुक्याच्या गावात असल्या गोष्टी दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर पोचतात.

अध्यक्षांचा मसुदा पानभर होता. त्यातली दोन वाक्यं देतो: “संचालक मंडळाच्या बैठकीत काही सन्माननीय संचालकांनी ९.५ टक्के दराचा आग्रह धरला होता, परंतु संस्थेच्या आर्थिक हिताचा विचार करून...” आणि “सदर चुकीस जबाबदार असलेल्या व्यक्तीवर योग्य ती कारवाई करण्यात येईल.”

पहिलं वाक्य प्रामाणिक होतं, पण बैठकीतली मतं गावात वाटायची नसतात. ‘आर्थिक हिताचा विचार करून’ हे वाचून तर ठेवीदार विचारणारच की इतकी तंगी आहे का. दुसऱ्या वाक्यावर मी हटून बसलो. २०१२ साली अमेरिकेत ओबामांच्या दिवंगत आजीबद्दलचा एक हीन विनोद किचनएड कंपनीच्या खात्यावरून गेला, तेव्हा ब्रँडप्रमुख बाईंनी स्वतःच्या नावाने माफी मागितली आणि तो लिहिणारा यापुढे कंपनीसाठी लिहिणार नाही असंही सांगितलं. तिथे ते सांगणं गरजेचं होतं, कारण प्रश्न असा विचार कंपनीत कुणाचा आहे हा होता. इथे प्रश्न आकड्याचा होता. कारवाईची भाषा केली असती तर गावाने तासाभरात त्या मुलीचं नाव शोधून काढलं असतं, आणि ठेवीदाराच्या हाती त्याने काहीच लागलं नसतं.

मधेच कुणीतरी सुचवलं, जरा हलकंफुलकं लिहू, सणाचा दिवस आहे. २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या खात्यावरून एका कर्मचाऱ्याचं बिअरबद्दलचं खासगी ट्वीट चुकून गेलं होतं. संस्थेने ते काढलं आणि ‘रेड क्रॉस शुद्धीवर आहे, किल्ल्या काढून घेतल्या आहेत’ अशा अर्थाचं मिश्कील उत्तर दिलं. लोकांना ते आवडलं. पण त्या चुकीने कुणाचा पैसा अडकला नव्हता. एफडी मोडलेल्या माणसाला विनोद ऐकवण्यात अर्थ नव्हता.

दोन जागा खरोखर अवघड होत्या.

पहिली, चुकीचा आकडा पुन्हा लिहायचा का. मॅनेजरांचं म्हणणं बरोबर होतं की ९.५ पुन्हा लिहिला की तोच पुन्हा फिरेल. पण आकडाच नसला तर ज्याच्या मोबाइलमध्ये ते चित्र आहे त्याला आपल्या चित्राबद्दलच बोलणं चाललंय हे कळणार कसं? तोडगा असा निघाला: मजकुरात ९.५ लिहायचा, चित्रात फक्त ८.७५. कारण पुढे पाठवताना लोक मजकूर सोडून चित्र तेवढं पाठवतात. जुन्या चित्रावर लाल फुली मारून टाकायची सूचनाही याच कारणाने नाकारली. लहान पडद्यावर फुली दिसत नाही, मोठ्या अक्षरातला आकडा दिसतो. नव्या चित्रावर तारीख आणि वेळ मात्र ठळक घातली, म्हणजे दोन्ही चित्रं समोर आली तर नंतरचं कोणतं ते कळावं.

दुसरी, चूक कशी झाली हे किती सांगायचं. ‘छपाईची चूक’ म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं होतं. ‘मसुदा’ म्हटलं तर ९.५ चा विचार झाला होता हे उघड होत होतं. अध्यक्षांनीच शेवटी निकाल दिला, “झाला होता विचार. त्यात लाज काय?” म्हणून ‘मंजुरीआधीचा मसुदा’ हे शब्द राहिले. कुणी पुढे विचारलंच तर शाखांनी द्यायचं उत्तर वेगळं लिहून दिलं: “दोन्ही दरांची चित्रं आधी करून ठेवली होती. मंडळाने ८.७५ मंजूर केला.” विचारणाऱ्याला सांगायचं, न विचारणाऱ्यावर लादायचं नाही.

नऊ-पंचवीसला गेलेली पोस्ट अशी:

“दुरुस्ती. आज सकाळी ७ वाजता आमच्या पानावर आणि नंतर काही शाखांच्या ग्रुपवर आलेल्या चित्रात १५ महिन्यांच्या ठेवीवर ज्येष्ठ नागरिकांसाठी ९.५ टक्के दर लिहिला होता. तो चुकीचा आहे. संचालक मंडळाने मंजूर केलेला दर ८.७५ टक्के आहे. मंजुरीआधीचा मसुदा आमच्याकडून चुकून प्रसिद्ध झाला, त्याबद्दल आम्ही आपली माफी मागतो. ठेव ठेवण्यापूर्वी पावतीवरचा दर पाहून घ्यावा. चुकीच्या दरावर विसंबून कुणी दुसरीकडची ठेव मोडली असल्यास येत्या शनिवारपर्यंत आपल्या शाखेत कागदपत्रांसह सांगावे. संचालक मंडळ प्रत्येक अर्जाचा विचार करील. – अध्यक्ष”

शेवटच्या ओळीवर मॅनेजर अडले होते. ‘भरपाई देऊ’ असं लिहायचा अधिकार त्यांना नव्हता, मंडळाचा ठराव लागला असता. ‘विचार करील’ हे अध्यक्ष त्या क्षणी देऊ शकत होते, म्हणून तेवढंच लिहिलं.

अंमलबजावणीत काय बिनसलं

मजकूर ठरेपर्यंत कुठेही काही काढायचं नाही असं ठरलं होतं. एका शाखेच्या लिपिकाने घाबरून नऊच्या आधीच ग्रुपवरचं चित्र डिलीट केलं. व्हॉट्सॲपवर डिलीट केल्याची खूण राहते. अर्धा तास त्या ग्रुपवर फक्त ती खूण होती, आणि “काय काढलं?”, “योजना रद्द झाली का?”, “माझ्याकडे आहे फोटो, टाकू का?” अशी रांग लागली. एकाने टाकलाच. बाकीच्या तीन ग्रुपवर आधी दुरुस्ती टाकली, मग जुनं चित्र काढलं. तिथे चार-पाच प्रश्न आले आणि विषय मिटला. इन्स्टाग्रामवर पोस्ट काढल्याची खूण राहत नाही, तिथे क्रमाने फारसा फरक पडला नसता.

दुसरा घोळ: आणखी एका शाखेने आपल्या मनाने “सर्व्हर डाऊन असल्याने चुकीचा दर दिसला” असं लिहून टाकलं. म्हणजे अध्यक्षांच्या सहीने एक कारण आणि शाखेकडून दुसरं. ते वीस मिनिटांत काढलं, पण दोघा-तिघांनी त्याचे स्क्रीनशॉट मुख्य पानावर कमेंटमध्ये लावले. तिथे मॅनेजरनी स्वतः लिहिलं, “शाखेचा मजकूर चुकीचा होता, वरचं कारण खरं आहे.” वाद वाढला नाही.

दहा वाजता प्रत्येक काउंटरवर दुरुस्तीचा छापील कागद होता. ज्येष्ठ ठेवीदारांपैकी बऱ्याच जणांनी फेसबुक पाहिलेलंच नव्हतं, शेजाऱ्याने दाखवलेला फोटो तेवढा पाहिला होता. त्यांच्यासाठी खरी दुरुस्ती म्हणजे तो कागद.

परिणाम

शनिवारपर्यंत चार अर्ज आले. दोघांनी ठेव मोडल्याचा कागद दाखवला नाही. एकाने मोडलेली ठेव दसऱ्याच्या आदल्या दिवसाची होती. उरले मुख्याध्यापक. त्यांची बँकेत तीन लाखांची ठेव ७ टक्क्यांनी होती, आठ महिने झाले होते. मुदतीआधी मोडल्यावर बँकेने आठ महिन्यांना लागू असलेला ६.२५ टक्के दर धरून त्यातून एक टक्का दंड वजा केला, म्हणजे ५.२५ टक्क्यांनी व्याज दिलं. पावणेदोन टक्क्यांचा फरक, आठ महिन्यांचे साधारण ३,५०० रुपये.

मंडळात एका संचालकाने रास्त मुद्दा काढला: आमचे ८.७५ सुद्धा त्यांच्या ७ पेक्षा जास्तच आहेत, पंधरा महिन्यांत त्यांचं नुकसान भरून निघतं, मग भरपाई कशाची? मुख्याध्यापकांचं उत्तर सरळ होतं. “पावणेनऊसाठी मी मोडली नसती. मुदत पूर्ण होऊ दिली असती.” ठराव करून ३,५०० रुपये दिले. त्यांनी ठेवही इथेच ठेवली, पण तीन लाखांपैकी दोनच.

दसऱ्याच्या ठेवी मागच्या वर्षाइतक्याच आल्या. अडचणीची अफवा उठली नाही. चुकीचं चित्र मात्र तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या एका ग्रुपवर पुन्हा उगवलं, आणि तिथे दुरुस्तीचा मजकूर कुणी पाहिलेला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पोस्ट कशी दिसते हे बघायला वेळ लावून ठेवायची गरज नव्हती. नुसतं चित्र पाठवलं असतं तरी भागलं असतं. मंजुरी न मिळालेली गोष्ट रांगेत असूच नये, आणि चित्र करायचंच तर त्यावर आडवं मोठं ‘मसुदा’ लिहिलेलं असावं, म्हणजे चुकून गेलं तरी वाचणाऱ्याला कळेल. “पावणेनऊ फायनल” या निरोपात दुसरी पोस्ट काढ असं कुठे म्हटलं होतं? निरोप देणाऱ्याने दोन्हींबद्दल बोलायला हवं होतं. आता संस्थेत दोन ओळींचा निरोप जातो: हे ठेव, हे काढ. आणि सणाच्या आदल्या रात्री नियोजित यादीचा स्क्रीनशॉट मॅनेजरकडे येतो. शाखांनी पानावरचं चित्र उचलून ग्रुपवर टाकायचं नाही, मुख्य कार्यालयाकडून येईल तेच टाकायचं, हाही नियम झाला. तो किती पाळला जाईल याची मला शंका आहे.

दुरुस्तीच्या पोस्टबद्दल मॅनेजरांचं आणि माझं एका गोष्टीवर अजून पटलेलं नाही. चित्रात ९.५ न लिहिण्याचा निर्णय माझ्या आग्रहाने झाला होता. ते म्हणतात, शेजारच्या गावात जे चित्र फिरलं त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे तसंच एक चित्र हवं होतं, ज्यात ‘९.५ चुकीचा’ हे शब्दांत लिहिलेलं असतं. आकडा मोठा न करता, ओळीत, मजकुरासारखा. मला ते पटायला लागलंय. पण तसं चित्र सकाळी नऊ-पंचवीसला टाकायचं की तिसऱ्या दिवशी, जिथे गरज आहे तिथेच, यावर ते सकाळच म्हणतात आणि मी तिसरा दिवस.